फोनवरच्या गेमचं ‘३+’ कसं वाचायचं? लहान मुलांच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

चार ते सात वर्षांच्या मुलांचे आईबाबा, आणि बऱ्याचदा आजी-आजोबाही, मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. सोप्यापासून सुरुवात केली आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. वयाचा आकडा नेमका कुठे दिसतो? मला तर ४.५ दिसतं.

४.५ म्हणजे लोकांनी दिलेले तारे. गेम आवडला की नाही एवढंच ते सांगतात, वयाशी त्यांचा संबंध नाही. इंग्रजीत दोन्हींना रेटिंगच म्हणतात, म्हणून हा घोळ होतो.

प्ले स्टोअरमध्ये गेमच्या नावाखाली एक आडवी पट्टी असते. आधी तारे, मग किती डाउनलोड झाले तो आकडा आणि त्याच ओळीत `Rated for 3+` किंवा `Rated for 7+`. पट्टी बोटाने डावीकडे सरकवावी लागते, म्हणून अनेकांना ते दिसतच नाही. शेजारी छोटा i असतो, तो जरूर दाबा. खरी माहिती तिथे आहे (प्रश्न ६).

आयफोनच्या ॲप स्टोअरमध्येही नावाखाली अशीच पट्टी असते आणि तिच्यात वयाचा चौकोन असतो. पान खाली नेलं की `Information` या भागात `Age Rating` मिळतं. ते उघडल्यावर तो आकडा का दिला आहे, ते लिहिलेलं असतं.

२. ३+ म्हणजे तीन वर्षांच्या मुलासाठी बनवलेला गेम ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

३+ चा अर्थ इतकाच की तीन वर्षांच्या मुलाने पडद्यावर पाहू किंवा ऐकू नये असं त्या गेमच्या आत काही नाही. म्हणजे रक्त, शिव्या, घाबरवणारी दृश्यं, दारू-सिगारेट, नग्नता यांपैकी काही नाही. गेम मुलाला समजेल का, झेपेल का, त्यातून काही मिळेल का, हे कोणी तपासलेलंच नसतं. बुद्धिबळाच्या गेममध्ये घाबरण्यासारखं काही नसतं, म्हणून तो ३+ मध्ये बसतो. पण तीन वर्षांचं मूल त्यातला उंट तोंडात घालायला मागेल. साध्या कॅल्क्युलेटरलाही असाच सर्वांत खालचा आकडा मिळतो, कारण त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही.

युरोपातली पेगी ही संस्था २००३ पासून गेमना वयाचे आकडे देते. आपला आकडा मजकुराच्या योग्यतेचा आहे, गेमच्या अवघडपणाचा नाही, असं तीही स्पष्ट सांगते. प्ले स्टोअरवरचे आकडे याच जातकुळीतले आहेत.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. प्ले स्टोअरवर गेम टाकणारी कंपनी दोन वेगवेगळ्या गोष्टी जाहीर करते. एक म्हणजे गेममध्ये काय आहे. त्यावरून ३+, ७+ वगैरे ठरतं. दुसरी म्हणजे गेम कोणत्या वयाच्या लोकांसाठी बनवला आहे. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत, ६ ते ८, ९ ते १२, १३ ते १५ असे गट असतात. एखादा गेम मजकुरामुळे ३+ असतो, पण कंपनीने तो १३ वर्षांवरच्यांसाठी म्हणून जाहीर केलेला असतो. तसं असेल तर मुलांच्या ॲपसाठी गुगलने ठेवलेले कडक नियम, त्यात कोणत्या जाहिराती चालतात हेही आलं, त्या गेमला लागू होत नाहीत. पालकाला दिसतं फक्त ३+. दुसरा आकडा त्याच्या शेजारी छापलेला नसतो.

३. हा आकडा देतं कोण? कोणी गेम खेळून पाहतं का?

बहुतेक वेळा कोणीही आधी खेळून पाहत नाही. गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो. मारामारी आहे का? असेल तर माणसांशी की काल्पनिक प्राण्यांशी? रक्त दिसतं का? जुगारासारखं काही आहे का? खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात का? त्याच्या उत्तरांवरून आकडा आपोआप निघतो.

प्ले स्टोअरवर २०१५ पासून ही प्रश्नावली आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संघटनेची आहे. उत्तरं एकदाच भरायची, पण आकडे प्रत्येक प्रदेशाच्या संस्थेच्या निकषांनी वेगवेगळे निघतात. उत्तर अमेरिकेत ईएसआरबीचा, युरोपात बहुतेक ठिकाणी पेगीचा, जर्मनीत यूएसकेचा. जिथे अशी स्वतंत्र संस्था नाही तिथे आयएआरसीचे सर्वसाधारण आकडे दिसतात, म्हणजे ३+, ७+, १२+, १६+ आणि १८+. ॲपलची प्रश्नावली वेगळी आहे, पण तिथेही आधी उत्तरं भरतो तो गेम बनवणाराच.

उत्तरं खोटी किंवा निष्काळजीपणे भरलेली निघाली तर आकडा नंतर बदलला जातो, गेम काढलाही जाऊ शकतो. पण ते नंतर. मधल्या काळात तुम्ही वाचता ते त्या कंपनीने स्वतःबद्दल दिलेलं उत्तर असतं, एवढं लक्षात असू द्या.

४. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. ७+ चा गेम देऊ की नको?

बहुतेकदा हे तिच्या स्वभावावर ठरतं, कारण ३+ आणि ७+ यांच्यातली रेषा मुख्यतः भीतीची आहे.

३+ मध्येही थोडी मारामारी चालते, पण ती गमतीची हवी. हातोडा डोक्यात बसला, तारे चमकले आणि पात्र पुन्हा उठून पळालं, अशी. ७+ मध्ये लहान मुलाला घाबरवतील अशी दृश्यं किंवा आवाज असू शकतात, आणि सौम्य, खरी न वाटणारी किंवा नुसती सुचवलेली मारामारी असू शकते. अंधारी गुहा, अचानक झेप घेणारा कोळी, मागे धावणारा राक्षस, असं काही.

अंधारात एकटी न जाणाऱ्या मुलीला ७+ चा एखादा भुयाराचा गेम रात्री उठवेल. दुसरीला त्याच राक्षसाचं हसू येईल. पडद्यापेक्षा मुलं आवाजाला जास्त घाबरतात, हा माझा अनुभव. म्हणून ७+ चा गेम पहिल्यांदा आवाज चालू ठेवून तुम्ही स्वतः खेळा.

१२+ ची गोष्ट वेगळी आहे. तिथे माणसांसारख्या पात्रांवरची मारामारी (रक्तपात न दाखवता), सौम्य शिव्या आणि पैशांशिवायचा नकली जुगारही बसू शकतो. पाच वर्षांच्या मुलासाठी तिथे मी स्वभाव वगैरे पाहत बसत नाही, सरळ नाही म्हणते.

५. एकच गेम. माझ्या फोनवर ३+, ताईच्या आयफोनवर ९+. खरं कोणतं?

दोन्ही खरी. मोजपट्ट्या दोन आहेत. ॲपलच्या पट्टीवर आधी ४+, ९+, १२+ आणि १७+ असे टप्पे होते. २०२५ मध्ये ॲपलने ते बदलून ४+, ९+, १३+, १६+ आणि १८+ केले. त्यामुळे जुन्या लेखांत १२+ किंवा १७+ वाचलं असेल तर गोंधळू नका.

पट्ट्यांचे टप्पे जुळत नाहीत, आणि कोणत्या गोष्टीने आकडा किती चढतो तेही जुळत नाही. गमतीची, कार्टूनसारखी मारामारी गुगलकडच्या सर्वसाधारण निकषात ३+ मध्येच राहू शकते. ॲपलकडे तीच कधीमधी आणि सौम्य असली तरी ९+ कडे जाते. म्हणून आकड्याची आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. माझी सवय सांगते. दोन्ही स्टोअरमधली पानं उघडायची आणि जास्त आकडा का दिला आहे ते कारण वाचायचं. ते कारण तुमच्या मुलाच्या बाबतीत महत्त्वाचं असेल तर मोठा आकडा धरा, नसेल तर सोडून द्या.

देश बदलला तरी आकडा बदलतो. परदेशातल्या भावाने सुचवलेला गेम तिथे एका आकड्याचा आणि तुमच्याकडे दुसऱ्याच आकड्याचा दिसला तर त्यात चूक काही नाही (प्रश्न ३).

६. i दाबल्यावर आकड्याखाली बारीक इंग्रजी शब्द येतात. त्यांचा अर्थ काय?

मला विचाराल तर आकड्यापेक्षा तेच शब्द कामाचे आहेत. त्यांचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार आकडा का दिला ते सांगतो. उदाहरणार्थ `Mild Violence`, म्हणजे सौम्य मारामारी, किंवा `Fear`, म्हणजे घाबरवणारं काहीतरी.

दुसरा प्रकार आकड्यात सहसा धरलेलाच नसतो. तो फक्त सूचना म्हणून खाली लिहिलेला असतो, आणि लहान मुलाच्या दृष्टीने खरी जोखीम बहुतेक इथेच असते.

`Users Interact` म्हणजे खेळणारे अनोळखी लोक एकमेकांशी संपर्क करू शकतात. लिहून, बोलून, किंवा स्वतः बनवलेली चित्रं आणि जागा एकमेकांना दाखवून. गेम बनवणाऱ्याने त्यात शिवी घातलेली नसते, म्हणून आकडा खाली राहू शकतो. पण समोरचा खेळाडू काय लिहील, ते कोणत्याही आकड्यात मोजता येत नाही. वाचता न येणाऱ्या मुलाला लिखित गप्पांचा धोका कमी, आवाजी गप्पांचा जास्त. सात वर्षांखालच्या मुलासाठी मी हे दोन शब्द दिसले की पान बंद करते. अपवाद एकच, गप्पा पूर्ण बंद करायची सोय गेममध्ये असली आणि ती मी स्वतः बंद करून पाहिली असली तर.

`Shares Location` म्हणजे तुम्ही कुठे आहात ते इतर खेळाडूंना कळू शकतं. लहान मुलाच्या गेमला याची गरज का पडावी, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

`In-Game Purchases` म्हणजे गेमच्या आत खरे पैसे देऊन वस्तू घेता येतात. त्यापुढे `Includes Random Items` असेल तर त्याकडे वेगळं लक्ष द्या (प्रश्न ८).

`Unrestricted Internet` म्हणजे गेममधून थेट इंटरनेटवर कुठेही जाता येतं.

ॲपलच्या नव्या पद्धतीत गेममध्ये संदेश पाठवणं, लोकांनी बनवलेला मजकूर किंवा जाहिराती आहेत का, हे आकड्याजवळच लिहिलेलं असतं. शब्द वेगळे असले तरी वाचायचं तेच.

७. गेम ३+ चा, आणि मध्येच बंदुकीच्या गेमची जाहिरात! हे कसं चालतं?

चालायला नको. प्ले स्टोअरचा नियमच असा आहे की गेममध्ये दिसणाऱ्या जाहिराती त्या गेमच्या वयाच्या आकड्याला शोभतील अशाच हव्यात. पण जाहिराती गेमच्या आत ठेवलेल्या नसतात. त्या दर वेळी बाहेरच्या जाहिरात-जाळ्यातून येतात आणि प्रत्येक फोनवर वेगळ्या असू शकतात. त्यामुळे तुम्ही तपासलं तेव्हा दिसलं नाही ते तासाभराने मुलाला दिसू शकतं.

गेम मुलांसाठी म्हणून जाहीर केलेला असेल (प्रश्न २), तर गुगलच्या नियमाने त्यात मुलांना चालतील अशी हमी दिलेल्या जाळ्यांच्याच जाहिराती दाखवता येतात. तसं जाहीर केलेलं नसेल तर ही अट नाही. ओळखायचं कसं? गेमच्या पानावर `Data safety` नावाचा भाग असतो. त्यात `Committed to follow the Play Families Policy` असं लिहिलेलं दिसलं तर चांगलं. नसलं म्हणून गेम वाईटच असं नाही, पण मग जाहिराती स्वतः पाहून घ्याव्या लागतील.

पालकांनी पाठवलेल्या तक्रारींत बंदुकीच्या जाहिरातींपेक्षा बंद न होणाऱ्या जाहिराती जास्त असतात. फुलीचं चिन्ह कोपऱ्यात एवढंसं असतं, पाच सेकंदांनी उमटतं आणि मुलाचं बोट शेजारी पडलं की थेट स्टोअर उघडतं. हे वयाच्या आकड्यात कुठेच येत नाही. नावाखाली `Contains ads` लिहिलं असेल तर हे होणार असं धरूनच चाला.

८. ३+ च्या गेममध्ये पैसे कसे काय मागतात? आणि ‘random items’ म्हणजे काय?

पैसे मागणं हा मजकूर नाही, म्हणून आयएआरसीच्या सर्वसाधारण आकड्यात त्याचा भार पडत नाही. नावाखाली `In-app purchases` एवढं लिहिलं की झालं. पान खाली नेऊन `About this game` उघडलं तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग वस्तूची किंमत दिसते. ही जोडी नीट पाहा. एकच किंमत असेल तर बहुधा जाहिराती काढायचे किंवा पूर्ण गेम उघडायचे एकदाचे पैसे असतात. दोन टोकांत पन्नास-साठपट फरक असेल तर आत नाणी, हिरे, पेट्या विकायचं दुकान आहे, असं समजा.

`Random Items` म्हणजे बंद पेटी. आधी पैसे द्यायचे, आत काय निघेल ते उघडल्यावर कळणार. जत्रेतल्या चिठ्ठ्यांसारखं, फक्त इथे जत्रा उठत नाही. काही देशांनी याचा भार थेट आकड्यावर टाकला आहे. ऑस्ट्रेलियात २२ सप्टेंबर २०२४ पासून पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्या असलेल्या नव्या गेमना किमान एम हा वर्ग मिळतो, आणि १५ वर्षांखालच्यांना तो सुचवत नाहीत. जर्मनीची यूएसके २०२३ पासून आकडा ठरवताना या गोष्टी विचारात घेते. बाकी अनेक ठिकाणी ती फक्त बारीक अक्षरांतली सूचना आहे, म्हणून i दाबायचा आळस करू नका.

९. `Teacher Approved` शिक्का किंवा `Kids` विभाग असेल तर डोळे मिटून घ्यावं का?

डोळे मिटून नको, पण सुरुवात तिथूनच करा. आकड्याची उणीव काही प्रमाणात इथे भरून निघते.

गुगलने `Teacher Approved` २०२० मध्ये सुरू केलं. यात शिक्षक आणि मुलांच्या माध्यमांचे जाणकार गेम पाहतात. तो त्या वयाला खरंच जुळतो का, नीट बनवला आहे का, मुलाला त्यात मजा येते का, असे त्यांचे प्रश्न असतात. म्हणजे प्रश्न २ मध्ये राहून गेलेली बाजू. असे गेम प्ले स्टोअरच्या `Kids` टॅबमध्ये वयोगटानुसार लावलेले असतात. मात्र शिक्का असलेल्या गेममध्येही जाहिराती आणि खरेदी असू शकते.

ॲपलच्या `Kids` वर्गात पाच वर्षांपर्यंत, ६ ते ८ आणि ९ ते ११ असे गट आहेत. तिथे गेममधून बाहेर नेणारे दुवे किंवा खरेदी असेल तर त्याआधी मोठ्यांसाठीचं दार ठेवावं लागतं. ‘सात गुणिले आठ किती’ असं काहीतरी विचारून मग पुढे जाऊ देतात. मुलाला पाढे आले की ते दार निकामी! ॲपल आर्केड या वर्गणीतल्या गेममध्ये जाहिराती आणि आतली खरेदी नसते, पण वयाचे आकडे तिथेही वेगवेगळे असतात, ते पाहावेच लागतात.

१०. एखादा गेम तुम्ही कसा तपासता ते एकदा दाखवा.

माझ्या पाच वर्षांच्या भाचीने मागितलेला गेम घेऊ. नाव सांगत नाही, कारण असे शेकडो आहेत. मांजरीच्या पिल्लाला अंघोळ घालायची, पुसायचं, झबलं घालायचं. प्ले स्टोअरवर ३+, तारे भरपूर.

आधी नाव आणि त्याखालची कंपनी पाहिली. प्रसिद्ध गेमच्या नावात एक शब्द इकडेतिकडे करून नकला येतात, आणि भाचीने पाहिलेला गेम वेगळ्याच कंपनीचा होता. मग नावाखालची ओळ. `Contains ads` आणि `In-app purchases`, दोन्ही. i दाबला तर `In-Game Purchases` होतं, `Users Interact` नव्हतं. म्हणजे अनोळखी लोकांची काळजी मिटली, उरल्या जाहिराती आणि पैसे.

किमतीची जोडी पाहिली. दोन टोकांत बराच फरक. म्हणजे झबल्यांचं दुकान आत असणार. नंतर परीक्षणं उघडली, पण वरची नाही. एक तारा निवडून सर्वांत नवी लावली. पाच ताऱ्यांची परीक्षणं अनेकदा मुलांनीच ठोकलेली असतात, एक ताऱ्याची बहुतेक वैतागलेल्या पालकांची. तिथे चार जणांनी एकच लिहिलं होतं, दर झबल्यानंतर जाहिरात.

तरीही गेम माझ्या फोनवर उतरवला आणि दहा मिनिटं खेळले. सात जाहिराती आल्या. त्यांतल्या दोन मी स्वतः चुकून दाबल्या, भाचीचं काय! मग फोन विमान मोडवर टाकून गेम पुन्हा उघडला. तो चालला आणि जाहिराती गेल्या, पण चांगली झबली सगळी कुलपात. कुलूप उघडायला जाहिरात पाहा किंवा पैसे द्या. म्हणजे या गेमचा कणाच तो होता.

काढून टाकला. त्याऐवजी त्याच धाटणीचा एकदा पैसे देऊन घ्यायचा गेम मिळाला. त्याचा आकडाही ३+ च. दोन्ही गेमवर आकडा एकच आणि आत जमीन-अस्मानाचा फरक, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं. सगळ्याला वीसेक मिनिटं लागली. भाची रुसली ती वेगळीच.

११. पॅरेंटल कंट्रोलमध्ये ३+ लावलं, तरी जुना १२+ चा गेम चालूच आहे. का?

प्ले स्टोअरमधलं हे बंधन नव्या डाउनलोडवर असतं. फोनवर आधीपासून बसलेला गेम ते उपटून काढत नाही, तो तुम्हालाच काढावा लागेल. बंधन लावायला प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबा, मग `Settings`, `Family` आणि `Parental controls`. पिन विचारतो, तो मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका. आयफोनवर `Screen Time` मधल्या `Content & Privacy Restrictions` मध्ये ॲपसाठी वयाची मर्यादा लावता येते. तिथे मात्र मर्यादेवरची आधीची ॲपही पडद्यावरून नाहीशी होतात. घाबरू नका, मर्यादा काढली की ती परत दिसतात.

आता अडचणीची बाजू. मुलाचं स्वतंत्र खातं असेल आणि तुम्ही गुगलच्या फॅमिली लिंक या ॲपमधून डाउनलोडला परवानगी देत असाल, तर एकदा मंजूर केलेल्या गेमचा अपडेट पुन्हा परवानगी मागत नाही. अपडेटमध्ये नवा मजकूर आला तरी नाही. मंजूर गेम काढून पुन्हा उतरवला तरी नाही. एकदाची परवानगी म्हणजे त्या गेमच्या पुढच्या सगळ्या रूपांनाही परवानगी, असं समजूनच ती द्या.

आणि मूल तुमच्याच फोनवर, तुमच्याच खात्यात खेळत असेल तर निदान खरेदीला दर वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा. ठसा मुलाचा नोंदवलेला नाही ना, तेही बघा. एका आजोबांनी कौतुकाने नातवाचा नोंदवला होता.

१२. अपडेटनंतर आकडा ३+ चा ७+ झाला. आता काय करू?

i दाबून नवं कारण वाचा. नवी पातळी किंवा घाबरवणारं पात्र आलं असेल तर प्रश्न ४ प्रमाणे स्वतः खेळून ठरवा. आकडा तोच राहूनही `Users Interact` नव्याने उगवलं असेल, तर ते आकडा बदलण्यापेक्षा मोठं आहे. मुलाच्या आवडत्या चार-पाच गेमची पानं मी अधूनमधून उघडून बघते.

१३. गेम स्टोअरमधला नाही, कोणीतरी फाइल पाठवली आहे. त्याचा आकडा कुठे बघू?

कुठेही नाही. स्टोअरबाहेरच्या फाइलला स्टोअरचा आकडा नसतो, आणि नाव-चित्र सारखं असलं तरी आत तोच गेम असेल याची खात्री नसते. लहान मुलाच्या फोनवर अशी फाइल टाकू नका.

दुसऱ्या ॲपच्या पोटातले छोटे गेमही असेच निसटतात. व्हिडिओ किंवा गप्पांच्या ॲपमध्ये उघडणाऱ्या खेळाचं वेगळं पान स्टोअरमध्ये नसतं. तिथे तुम्हाला दिसतो तो त्या मोठ्या ॲपचा आकडा.

१४. एका गेमवर आकडाच नाही, `Unrated` लिहिलं आहे.

पॅरेंटल कंट्रोल लावलेलं असेल तर प्ले स्टोअर अशा ॲपला मोठ्यांचंच समजून अडवतं. तुम्हीही तसंच समजा.

१५. आकडा सरळसरळ चुकीचा आहे असं वाटतं. कोणाला सांगायचं?

प्ले स्टोअरमध्ये गेमच्या पानावर वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, तिथे `Flag as inappropriate` आहे. ॲपलकडे `reportaproblem.apple.com` या पत्त्यावर आपल्या खात्याने जाऊन, उतरवलेल्या ॲपबद्दल लिहिता येतं. ‘गेम वाईट आहे’ असं लिहून काही होत नाही. कोणत्या पातळीवर काय दिसलं ते लिहा. तक्रार जाहिरातीची असेल तर त्या क्षणीच पडद्याचा फोटो काढून ठेवा, कारण तीच जाहिरात पुन्हा समोर येईल याचा नेम नाही (प्रश्न ७). गेमवर एक ताराही देऊन ठेवा आणि कारण लिहा. प्रश्न १० मध्ये मला उपयोग झाला तो अशाच चार जणांचा.